पैसे ‘मिळणार’ होते, गेले कसे? स्क्रीन रेकॉर्डिंग बघून तक्रारीसाठी पायऱ्या कशा लिहाव्यात

विद्यानगर (हुबळी) : ऑनलाईन पेमेंटमध्ये फसवणूक झाली की पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, “नक्की काय झालं ते क्रमाने सांगा.” इथेच बहुतेकांची गाडी अडते. पैसे दहा मिनिटांत गेलेले असतात, फोनवर कोणीतरी सतत बोलत असतो आणि घाबरलेल्या माणसाला आधी काय दाबलं, नंतर काय दाबलं हे आठवत नाही. अशा वेळी फोनमध्ये त्या व्यवहाराचे स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर तो मोठा आधार असतो. मात्र नुसता व्हिडिओ पेनड्राईव्हमध्ये घालून दिला म्हणजे काम झाले असे नाही. त्यातून वेळेसह पायऱ्यांची यादी काढावी लागते. ती कशी काढायची, हे एका नमुन्यावरून पाहू.

आधी १९३०, मग यादी

पैसे नुकतेच गेले असतील तर रेकॉर्डिंग बघत बसू नका. आधी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत तक्रार पोहोचली आणि तोवर तिथे रक्कम शिल्लक असली तर ती अडवून ठेवता येते. हे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पटापट हलवले जातात, म्हणून इथे मिनिटांचा हिशेब असतो. त्या फोनवर चारच गोष्टी लागतात : तुमची बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक. स्वतःच्या बँकेलाही लगेच कळवून खाते किंवा यूपीआय बंद करून घ्या. सविस्तर यादी त्यानंतर, शांतपणे बसून करायची.

नमुना : खोली सोडताना विकलेला कूलर

पुढचे उदाहरण कोणा एका खऱ्या तक्रारदाराचे नाही. अशा फसवणुकीत नेहमी दिसणाऱ्या पायऱ्या एकत्र करून ते मांडले आहे. रक्कम, वेळ, तारीख सगळे नमुन्यापुरते.

समजा, निपाणीचा एक विद्यार्थी विद्यानगरात भाड्याच्या खोलीत राहून शिकतो. परीक्षा संपल्या, खोली सोडायची, म्हणून त्याने कूलर आणि अभ्यासाचे टेबल मिळून ६,५०० रुपयांना विकायची जाहिरात ऑनलाईन टाकली. तासाभरात फोन आला. “मी लष्करात आहे, माझी हुबळीला बदली झाली आहे, सामान माझा माणूस घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो.” खात्यात पुढच्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी भरलेले पैसे होते. यूपीआयवर पैसे कसे घेतात हे वडिलांना नंतर दाखवावे म्हणून मुलाने फोनमधले स्क्रीन रेकॉर्डिंग चालू केले. पुढच्या पावणेदहा मिनिटांत १६,००० रुपये गेले.

ही पद्धत नवी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाईन विकायला काढला होता. खरेदीदाराने आधी किरकोळ रक्कम पाठवून विश्वास बसवला, मग क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर २०,००० गेले, चूक झाली म्हणून दुसरा कोड आला आणि आणखी १४,००० गेले. म्हणजे तीच तीन पावले : थोडे पैसे देणे, कोड स्कॅन करायला लावणे आणि ‘चूक दुरुस्त करतो’ म्हणून पुन्हा स्कॅन करायला लावणे. आपल्या नमुन्यातही हीच तीन पावले दिसतील.

मूळ फाईलला हात लावू नका

रेकॉर्डिंग थांबवल्यावर फोनमध्ये अशी एक फाईल तयार झाली : Screenrecorder-2025-06-12-11-42-03.mp4. नाव फोनप्रमाणे बदलते, पण बऱ्याच फोनमध्ये त्यात तारीख आणि वेळ असते. हे नाव बदलायचे नाही. फाईल कापायची नाही, तिच्यावर बाण-गोल काढायचे नाहीत. फोनही फॉरमॅट करायचा नाही.

दुसरी चूक हमखास होते ती व्हॉट्सॲपची. नातेवाईकाला किंवा वकिलाला नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून फाईल पाठवली की ती दाबून लहान केली जाते. अक्षरे पुसट होतात, बारा अंकांतला ३ की ८ हे कळत नाही आणि ती फाईल मुळासारखी उरत नाही. म्हणून केबल लावून संगणकावर प्रत घ्या आणि सगळे काम त्या प्रतीवर करा.

प्रत घेतली की तिचा हॅश काढून ठेवावा. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजच्या संगणकावर फाईल असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाईप करायचे :

```
certutil -hashfile Screenrecorder-2025-06-12-11-42-03.mp4 SHA256
```

खाली ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येते. ती कॉपी करून यादीच्या शेवटी लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग अ फोन ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, भाग ब तज्ज्ञ भरतो आणि दोन्हीकडे हॅश लिहायची जागा आहे. तक्रार देतानाच हे प्रमाणपत्र हाती पाहिजे असे नाही. पण हॅश पहिल्याच दिवशी काढून ठेवला तर नंतर ‘व्हिडिओत फेरफार केला’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येते.

दोन घड्याळे

रेकॉर्डिंगमध्ये दोन वेळा दिसतात. एक व्हिडिओ चालवणाऱ्या ॲपची वेळ, म्हणजे शून्यापासून मोजलेली मिनिटे-सेकंद. दुसरी फोनच्या वरच्या पट्टीतली घड्याळाची वेळ. यादीत दोन्ही लिहायच्या. पहिलीमुळे तपास अधिकाऱ्याला व्हिडिओत ती जागा लगेच सापडते. दुसरी बँकेच्या नोंदीशी ताडून बघता येते.

नमुन्यात फाईलच्या नावाप्रमाणे सुरुवात ११:४२:०३ ला आहे. म्हणजे व्हिडिओत ४ मिनिटे ६ सेकंद झाले तेव्हा ११:४६:०९ वाजले असणार. वरच्या पट्टीत ११:४६ दिसते का ते बघा. जुळले तर हिशेब बरोबर. जुळले नाही तर फाईलच्या नावातली वेळ बाजूला ठेवा आणि पट्टीत मिनिट बदलतो ती जागा धरून मोजा. बँकेच्या एसएमएसमध्ये वेळ एखाद्या मिनिटाने मागे-पुढे असू शकते. ती ओढूनताणून जुळवू नका, जशी दिसते तशी लिहा.

व्हिडिओ पहिल्यांदा न थांबवता पूर्ण बघा. दुसऱ्यांदा अर्ध्या वेगाने बघा आणि पडदा बदलला की थांबवा. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये E कळ दाबली की चित्र एकेक करत पुढे सरकते. वरून येऊन दोन सेकंदांत जाणारी बँकेची सूचना पकडायला ही युक्ती कामी येते.

तीन खाने : दिसले, केले, सांगितले

कोऱ्या कागदावर प्रत्येक पायरीसाठी तीन खाने करा. पहिल्यात पडद्यावर काय दिसले. दुसऱ्यात तुम्ही काय केले. तिसऱ्यात समोरच्याने काय सांगितले. ही विभागणी फार महत्त्वाची आहे, कारण तिसरा खाना बहुधा रेकॉर्डिंगमधून भरता येत नाही. साध्या फोन कॉलवर समोरच्याचा आवाज अँड्रॉईडच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये सहसा येत नाही. व्हिडिओ मुका असतो किंवा फक्त तुमचाच आवाज असतो. तेव्हा फोनवर ऐकलेले जे काही लिहाल त्याच्यापुढे ‘आठवणीतून’ असे स्पष्ट लिहा. चॅटमध्ये आलेला मजकूर मात्र ‘पडद्यावर दिसतो’ यात जातो.

आता नमुना यादी. विद्यार्थ्याची यादी अशी झाली :

१. ०:०० (११:४२) – फोनचा मुख्य पडदा. वर कॉल चालू असल्याची खूण दिसते. आठवणीतून : “फोन ठेवू नको, मी सांगतो तसं कर.”

२. ०:२५ (११:४२) – व्हॉट्सॲप उघडले. अनोळखी नंबर, फोटो गणवेशातल्या माणसाचा. वर एका ओळखपत्राचा फोटो आलेला दिसतो.

३. १:१० (११:४३) – बँकेचा एसएमएस : खात्यात १० रुपये जमा. आठवणीतून : “चेक करायला दहा रुपये टाकलेत, आले का?”

४. २:०५ (११:४४) – चॅटमध्ये क्यूआर कोडचे चित्र. खाली इंग्रजी मजकूर : Scan to receive 6500. आठवणीतून : “लॅपटॉपवर उघड आणि मोबाईलने स्कॅन कर.”

५. ३:२० (११:४५) – यूपीआय ॲप उघडले, स्कॅनर चालू केला. कॅमेऱ्यात लॅपटॉपवरचा कोड दिसतो.

६. ३:४१ (११:४५) – पैसे पाठवायचे पान. वर Paying, खाली एक नाव, रक्कम ₹6,500, बटणावर Pay. बटण दाबले.

७. ३:५२ ते ४:०१ (११:४५ ते ११:४६) – पडदा काळा. या वेळात पिन टाकला. आठवणीतून : “पैसे जमा व्हायला पिन टाकावा लागतो.”

८. ४:०६ (११:४६) – व्यवहार यशस्वी झाल्याचे पान, ₹6,500, बारा अंकी क्रमांक दिसतो.

९. ४:३० (११:४६) – बँकेचा एसएमएस : खात्यातून ६,५०० वजा.

१०. ४:५० ते ६:३० (११:४६ ते ११:४८) – चॅटमध्ये संदेश : चुकून उलटा व्यवहार झाला, दुसरा कोड स्कॅन केला की दोन्ही पैसे परत येतील. दुसरा कोड आला.

११. ६:४८ (११:४८) – दुसरा कोड स्कॅन केला, रक्कम ₹9,500. ७:०२ ते ७:१० (११:४९) पडदा काळा, पिन टाकला. ७:१५ (११:४९) – यशस्वी. दुसरा बारा अंकी क्रमांक.

१२. ८:३० (११:५०) – तिसरा कोड स्कॅन केला. ८:५२ (११:५०) पडदा काळा, पिन टाकला. ९:०५ (११:५१) – व्यवहार फसला, खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

१३. ९:४० (११:५१) – रेकॉर्डिंग बंद केले.

१४. रेकॉर्डिंगनंतर – १२:२० ला १९३० वर फोन, १२:३५ ला बँकेच्या मदत क्रमांकावर फोन. दोन्ही तक्रारींचे क्रमांक.

काळा पडदा म्हणजे व्हिडिओ बिघडला असे नाही

सातव्या पायरीतला काळा पडदा बघून अनेकजण घाबरतात. ‘तेवढाच भाग उडालाय, पोलीस म्हणतील तुम्ही पुसला.’ तसे नाही. यूपीआय पिनचे पान रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉटमध्ये येऊ नये अशी सोय ॲपमध्येच केलेली असते. अँड्रॉईडवर त्या जागी काळा किंवा कोरा पडदा येतो. काही ॲप तर स्वतःची सगळीच पाने अशी झाकतात. उलट ही काळी जागा उपयोगाची आहे. पैसे पाठवायचे पान, मग काही सेकंद काळे, मग यशस्वी झाल्याचे पान, हा क्रम दिसला की पिन तिथे टाकला गेला हे कळते. यादीत ‘काळा पडदा, किती सेकंद’ एवढेच लिहा. पिनचे आकडे मात्र यादीत, अर्जात, कुठेही लिहायचे नाहीत. ते कोणी विचारायचेही कारण नाही.

कोणता क्रमांक, कोणते नाव

यशस्वी झाल्याच्या पानावर दोन-तीन लांब क्रमांक असतात आणि लोक चुकीचा उतरवतात. गुगल पेमध्ये एक गुगलचा स्वतःचा क्रमांक असतो आणि एक यूपीआय व्यवहार क्रमांक. फोनपेमध्ये T ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि वेगळा यूटीआर असतो. बँकेला शोधायला लागतो तो फक्त अंकांचा, बारा आकडी क्रमांक. व्हिडिओत तो पुसट असेल तर अंदाजाने उतरवू नका. ॲपच्या व्यवहारांच्या यादीतून किंवा खात्याच्या उताऱ्यातून घ्या आणि शेजारी ‘उताऱ्यातून’ असे लिहा.

नावांचेही तसेच. चॅटमधले नाव कोणी काहीही ठेवू शकतो. कोडमध्ये भरलेले नाव कोड बनवणारा ठरवतो. खरे महत्त्वाचे ते पैसे घेणाऱ्या खात्याचे बँकेतले नाव. पैसे पाठवण्याआधी ॲपने हे बँकेतले नावच दाखवावे, असा नियम एनपीसीआयने २०२५ मध्ये केला. चॅटमध्ये ‘फौजी’ आणि पैसे पाठवण्याच्या पानावर भलतेच नाव, असे असेल तर दोन्ही नावे वेळेसह लिहा. ज्याचे खाते तोच भामटा असे लगेच धरून चालू नका. अशी खाती बऱ्याचदा भाड्याने किंवा दुसऱ्याच्या कागदपत्रांवर उघडलेली असतात. ते शोधणे पोलिसांचे काम, तुम्ही फक्त दिसले ते नाव लिहायचे.

क्यूआर कोडचे चित्रही चॅटमधून जसेच्या तसे काढून ठेवा. कोडच्या आत बहुधा असा मजकूर असतो :

```
upi://pay?pa=...&pn=...&am=6500
```

pa पुढे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, pn पुढे नाव, am पुढे रक्कम. पहिलाच शब्द pay आहे, म्हणजे देणे. चॅटमध्ये ‘receive’ लिहिलेले आणि कोडच्या आत ‘pay’, ही विसंगती म्हणजे फसवणुकीचा पडद्यावरचा ठळक पुरावा. हे वाचायला साधा क्यूआर वाचक वापरा. यूपीआय ॲपमध्ये तो कोड पुन्हा उघडू नका.

तिसऱ्या पायरीतले दहा रुपयेही सोडू नका. ते तुमच्या नुकसानीतून वजा करायचे नाहीत, स्वतंत्र लिहायचे. गेलेल्या पैशाचा माग पुढे जातो, आलेल्या दहा रुपयांचा माग मागे, पाठवणाऱ्याच्या खात्याकडे जातो. त्याचाही बारा अंकी क्रमांक द्या. फसलेला तिसरा व्यवहारही लिहा. त्यात पैसे गेले नाहीत, पण समोरच्याने कुठवर ओढायचा प्रयत्न केला हे त्यातून दिसते, आणि कदाचित तिसरा यूपीआय आयडीही मिळतो.

‘हॅक झालं’ असे लिहू नका

घरच्यांची बोलणी खायला नकोत म्हणून तक्रारीत ‘माझा फोन हॅक करून पैसे काढले’ असे लिहायचा मोह होतो. नमुन्यातल्या मुलालाही वडिलांना तोंड द्यायचे आहे. पण पडद्यावर त्यानेच स्कॅन केल्याचे, त्यानेच Pay दाबल्याचे दिसते. तक्रार एक सांगते, व्हिडिओ दुसरेच सांगतो, मग तक्रारीवरचा विश्वासच उडतो.

खरे तेच लिहिल्याने तक्रार कमजोर होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक म्हणजे खोटे सांगून कोणाला मालमत्ता द्यायला लावणे. दुसऱ्याचे सोंग घेऊन फोन-संगणकाच्या साहाय्याने फसवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते. म्हणजे ‘मीच पिन टाकला, पण पैसे मिळणार असे खोटे सांगितल्यामुळे टाकला’ हेच नेमके गुन्ह्याचे वर्णन आहे. पायरी ४ मधला receive आणि पायरी ६ मधला Pay शेजारी ठेवले की ते दिसते.

बँकेची बाजू मात्र वेगळी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल नियम घालून दिले. बँकेची चूक नाही, ग्राहकाचीही नाही, दोष तिसरीकडे आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, कळवल्यानंतरचे बँकेचे, असेही त्यात म्हटले आहे. स्वतः पिन टाकलेल्या व्यवहारात बँक याच मुद्द्यावर बोट ठेवते. म्हणून बँकेकडून सगळे परत मिळतीलच या भरवशावर राहू नये आणि यादीतली चौदावी पायरी, म्हणजे कळवल्याची वेळ, कधीही गाळू नये.

अर्ज कुठे, कोणत्या भाषेत

हुबळी-धारवाड पोलीस आयुक्तालयात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी वेगळे ठाणे आहे. त्याला सीईएन ठाणे म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत झाला हे न बघता माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. म्हणजे मुलगा सुट्टीला निपाणीला गेला असेल तरी तिथल्या ठाण्यात जाऊ शकतो. ऑनलाईन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते, तरच ती नोंदवून घेतात. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

यादी मराठीत लिहायला हरकत नाही, विचार मराठीतच नीट होतो. पण ठाण्यात देताना कन्नड किंवा इंग्रजी प्रत तयार ठेवा आणि मराठी मूळ मागे जोडा. भाषांतर करताना पडद्यावरचे इंग्रजी शब्द बदलू नका. Paying, receive, Pay हे जसे दिसले तसेच ठेवा. चॅट हिंदीत असेल तर हिंदीतच उतरवा आणि अर्थ खाली द्या.

यादीसोबत सहा-सात चित्रे पुरेशी होतात : चॅटमधला नंबर, receive लिहिलेला कोड, Pay चे पान, दोन्ही यशस्वी व्यवहार, दहा रुपयांचा एसएमएस आणि फसलेला व्यवहार. ती व्हिडिओच्या प्रतीवरून काढा आणि प्रत्येकाखाली पायरीचा क्रमांक व वेळ लिहा. जोडीला त्या दिवसाचा खात्याचा उतारा आणि फोनमधल्या कॉल यादीचा फोटो द्या. आवाज रेकॉर्ड झालेला नसला तरी कॉल ११:४२ ला चालू होता हे कॉल यादीवरून दिसते, आणि ‘आठवणीतून’ लिहिलेल्या वाक्यांना तेवढा तरी टेकू मिळतो. तो व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात तुमची शिल्लक, खात्याचे आकडे, इतरांचे संदेश असतात.

सही करण्याआधी

यादी पूर्ण झाली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या, ज्याने व्हिडिओ बघितलेला नाही. त्याने यादीतली वेळ वाचायची, व्हिडिओ तिथे न्यायचा आणि लिहिले आहे ते दिसते का सांगायचे. दिसत नसेल तर ते वाक्य एकतर चुकीचे आहे किंवा त्यापुढे ‘आठवणीतून’ लिहायचे राहिले आहे.

मग रकमांची बेरीज करा. नमुन्यात ६,५०० आणि ९,५०० मिळून १६,०००. उताऱ्यात, १९३० च्या तक्रारीत आणि अर्जात हाच आकडा हवा. नमुन्यातल्या मुलाची यादी दीड पानाची झाली. त्या दहा मिनिटांत काय घडले हे फोनवर वडिलांना सांगताना तो तीनदा चुकला असता. कागदावर ते वेळेसह आहे, आणि वडील निपाणीत बसून ते ओळीने वाचू शकतात.